एकाचे सात कसे झाले?
(ब्लॉकचेनची ओळख)

गेल्या वर्षी एका शिबिरात आमच्या तुकडीची ब्लँकेटे आणायचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या दिवशी मी एक जादा ब्लँकेट नेले आणि सही केली. शेवटी हिशेब झाला तेव्हा रजिस्टरमध्ये त्या एकाचे सात झाले होते. इंग्रजी 1 ला वर एक आडवी रेघ ओढली की झाले! माझ्या डायरीत 'एक' लिहिले होते. पण माझी डायरी मीच लिहिलेली, तिला पुरावा कोण मानणार? सहा ब्लँकेटांचे पैसे मला भरावे लागले.

सुट्टीत भिलाईला घरी आल्यावर मी ब्लॉकचेनबद्दल वाचले आणि पहिला विचार त्या रजिस्टरचाच आला. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेली नोंदवही. तिच्यात प्रत्येक नोंदीबरोबर एक शिक्का असतो आणि तो आधीच्या शिक्क्यावरून काढतात.

आपण आपला छोटा नियम करू. आधीच्या शिक्क्याला ७ ने गुणायचे, त्यात नवी संख्या मिळवायची आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक हा नवा शिक्का. सुरुवात १० पासून. पहिली नोंद ४ ब्लँकेटे: ७० अधिक ४, शिक्का ७४. दुसरी माझी, १ ब्लँकेट: ५१८ अधिक १ म्हणजे ५१९, शिक्का १९. तिसरी ६ ची: १३९, शिक्का ३९. चौथी २ ची: २७५, शिक्का ७५. हा ७५ रोज रात्री सगळ्या तुकड्यांच्या प्रमुखांनी आपापल्या डायरीत लिहून ठेवला, असे समजा.

आता माझ्या १ चे ७ करून पाहा. दुसरा शिक्का १९ ऐवजी २५ येतो, त्यामुळे तिसरा ८१ आणि चौथा ६९. खाडाखोड दुसऱ्या ओळीत, पण बिंग फुटते शेवटच्या ओळीत, कारण डायऱ्यांत ७५ आहे.

मी हे बाबांना दाखवले. त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि तिसऱ्या नोंदीतल्या ६ चे ६४ केले. १७५ अधिक ६४ म्हणजे २३९, शिक्का पुन्हा ३९! पुढचे सगळे जुळले. माझा नियम दोन मिनिटांत हरला.

म्हणून खऱ्या ब्लॉकचेनमध्ये असा नियम वापरतात की हवा तो शिक्का येण्यासाठी कोणती नोंद लिहावी, हे उलटे गणित करून काढता येत नाही. बिटकॉइनमध्ये एसएचए-२५६ हा नियम आहे. फक्त पहिले अक्षर मोठे केले तर काय होते ते पाहा:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

पण एवढ्याने भागत नाही. संगणक असे शिक्के क्षणात काढतो, मग लबाडाने पुढचे सगळे शिक्के नव्याने काढले तर? २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइनमध्ये त्यासाठी मुद्दाम मेहनतीची अट आहे. शिक्क्याच्या सुरुवातीला ठरावीक शून्ये यायलाच हवीत. ती येईपर्यंत पानावरचा एक आकडा बदलत राहायचे, दुसरा उपाय नाही. जगभरच्या यंत्रांना मिळून एका पानासाठी सरासरी दहा मिनिटे लागतात. जुने पान बदलणाऱ्याला तिथपासूनची सगळी पाने एकट्याने पुन्हा करावी लागतात, आणि तेवढ्यात बाकीचे पुढे गेलेले असतात. मात्र निम्म्याहून जास्त यंत्रशक्ती एकाच्याच हातात गेली, तर तो त्यांना गाठू शकतो.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात याचा उपयोग झाला आहे. एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडायला सुरुवात केली. तिथे शून्यांची शर्यत नसते; नोंदी तपासणारे आपली रक्कम तारण ठेवतात. दाखल्यावर क्यूआर कोड असतो. कोणी खोटा दाखला छापून आणला, तर त्याचा शिक्का साखळीतल्या नोंदीशी जुळत नाही.

माझ्या मते यातली खरी अडचण वेगळी आहे. कारकुनाने पहिल्याच दिवशी नाव चुकीचे लिहिले, तर साखळी ते चुकीचे नावही तितक्याच इमानाने जपते. दुरुस्ती करायची तर जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी नोंद करावी लागते. शिबिरात माझ्या सहीआधीच कोणी सात लिहिले असते आणि मी न वाचता सही केली असती, तर सगळ्या डायऱ्यांमध्ये सातच आले असते.