ग्रॅच्युइटीतून नोटिशीची वजावट

प्रश्न : बुटीबोरीतील कारखान्यात 7 वर्षे 8 महिने नोकरी करून राजीनामा दिला. नोटीस अपुरी म्हणून ग्रॅच्युइटीतून महिन्याचा पगार कापला आहे. हे योग्य आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दलचे उपदान, काढताना अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांची बेरीज 26 ने भागून 15 ने आणि सेवावर्षांनी गुणतात; सहा महिन्यांहून अधिकचा अंश पूर्ण वर्ष धरला जात असल्याने, बेरीज 26,000 रुपये असल्यास, 8 वर्षांचे 1,20,000 रुपये होतात. ही रक्कम कायद्यात नमूद केलेल्या नुकसानीमुळे वा गैरवर्तनामुळे सेवा संपुष्टात आणली तरच रोखता येते. राजीनाम्याला ते लागू नसल्याने ही वजावट अयोग्य आहे, आणि नोटिशीची वसुली, करारात तशी अट असल्यास, इतर देण्यांपुरतीच राहते. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत देय असते, म्हणून लेखी मागणी आजच करावी.