कराराच्या कलमाचे उलट भाषांतर

इटली आणि इथिओपिया यांच्यात २ मे १८८९ रोजी वुचाले येथे झालेला तह इटालियन आणि अम्हारिक अशा दोन भाषांत लिहिलेला होता. त्याच्या सतराव्या कलमात इथिओपियाच्या परराष्ट्र व्यवहाराचा विषय होता. इतर राष्ट्रांशी बोलणी करताना सम्राट मेनेलिक यांना इटलीच्या सरकारचे साहाय्य घेता येईल, असे अम्हारिक पाठात होते. इटालियन पाठाचा अर्थ मात्र असा होत होता की, अशी बोलणी इटलीमार्फतच करण्यास सम्राटांनी मान्यता दिली आहे. एकीकडे मुभा, तर दुसरीकडे बंधन. इटालियन पाठाच्या आधारे इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली असल्याचा दावा इटलीने केला. मेनेलिक यांनी तो नाकारला आणि १८९३ मध्ये तहच रद्द ठरविला. पुढे युद्ध झाले व १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे इटलीचा पराभव झाला. या युद्धाला इतरही कारणे होती. पण वादाचा मुद्दा म्हणून जे कलम पुढे आले, त्यातील फरक एका क्रियापदाएवढाच होता.

अशा प्रकारचा फरक वेळीच ध्यानात यावा म्हणून जी पद्धत वापरली जाते तिला उलट भाषांतर म्हणता येईल. मूळ मजकुराचे भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे दिले जाते. मूळ मजकूर त्याने पाहिलेला नसतो. तो ते पुन्हा मूळच्या भाषेत आणतो आणि नंतर दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तपासले जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये या पद्धतीची जी मांडणी केली ती प्रामुख्याने संशोधनातील प्रश्नावल्यांसाठी होती. करारनाम्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी असते. येथे शब्द जुळतात की नाही हे पाहावयाचे नसून कोणावर कोणते बंधन पडते हे पाहावयाचे असते.

बांधकामाच्या करारातील मुदतवाढीचे कलम उदाहरणादाखल घेऊ. मूळ इंग्रजी मसुद्याचा आशय असा समजावा : कंत्राटदाराच्या आवाक्याबाहेरील कारणाने कामात अडथळा आला, तर तो सुरू झाल्याच्या दिवसापासून सात दिवसांच्या आत त्याने अभियंत्याकडे लेखी अर्ज केलाच पाहिजे, कारणे वाजवी आहेत असे अभियंत्याचे मत झाले, तर त्यास मुदत वाढवून देता येईल, असा अर्ज केला नसेल, तर मुदतवाढीचा हक्क राहणार नाही. एखाद्या मजूर सहकारी संस्थेला देण्यासाठी त्याचे मराठी भाषांतर पुढीलप्रमाणे करण्यात आले असे धरू :

‘कंत्राटदाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणामुळे कामात अडथळा आल्यास त्याने सात दिवसांत अभियंत्याकडे अर्ज करावा. कारणे योग्य वाटल्यास अभियंता मुदत वाढवून देईल. अर्ज न आल्यास मागणीचा विचार होणार नाही.’

वाचावयास हे भाषांतर सरळ आणि सुबोध आहे. मूळ मसुदा जवळ ठेवून वाचणाऱ्यास त्यात काही खटकणारही नाही, कारण मूळचा अर्थ त्याच्या मनात आधीच असतो व मराठीत जे राहिले ते तो नकळत भरून काढतो. उलट भाषांतर करणाऱ्याजवळ ही शिदोरी नसते. त्याच्या हातून इंग्रजीत जे उतरेल ते असे : कंत्राटदाराने अर्ज करणे योग्य होईल, कारणे बरोबर दिसली, तर अभियंता मुदत वाढवून देईल, अर्ज पोहोचला नाही, तर विनंतीचा विचार केला जाणार नाही.

आता मुळाशी ताडून पाहावे. मुळात ‘शॅल’ होते, परत येताना ते ‘शुड’ झाले. ‘करावा’ हे रूप मराठीत आज्ञेचे आहे तसे सल्ल्याचेही आहे. ‘उन्हात जाताना पाणी बरोबर घ्यावे’ यात कसलीही सक्ती नाही. दुसरा फरक याहून महाग पडणारा आहे. मुळात ‘मे’ होते, त्याचे ‘विल’ झाले. मुदत देण्याचा अधिकार अभियंत्याकडे होता. मराठीत ते त्याचे कर्तव्य ठरले. कारणे कोणाला योग्य वाटावयाची हेही ‘वाटल्यास’ या एका शब्दात हरवले, तेव्हा आपली कारणे योग्य असल्याने मुदत मिळालीच पाहिजे, असे म्हणावयास कंत्राटदार मोकळा झाला.

सात दिवसांचा हिशेबही अधांतरी राहिला. पुराने रस्ता वीस दिवस बंद असेल, तर मुदत पहिल्या दिवसापासून मोजावयाची की पाणी ओसरल्यापासून? शिवाय मुळात अर्ज ‘करणे’ पुरेसे होते, मराठीत तो ‘येणे’ आवश्यक झाले. सहाव्या दिवशी टपालात टाकलेला व नवव्या दिवशी पोहोचलेला अर्ज एका पाठाप्रमाणे वेळेत ठरू शकेल आणि दुसऱ्याप्रमाणे बाद. ‘लेखी’ हा शब्द तर गळूनच गेला. यातील काही फरक कंत्राटदाराच्या लाभाचे व काही तोट्याचे आहेत. भाषांतरकाराने कोणाचा पक्ष घेतला होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुरुस्त पाठ असा होईल : ‘कंत्राटदाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणामुळे कामात अडथळा आल्यास, अडथळा सुरू झाल्याच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत अभियंत्याकडे लेखी अर्ज करणे कंत्राटदारावर बंधनकारक राहील. कारणे वाजवी आहेत असे अभियंत्याचे मत झाल्यास त्याला मुदत वाढवून देता येईल. याप्रमाणे अर्ज केला नसल्यास कंत्राटदारास मुदतवाढीचा हक्क असणार नाही.’ हा पाठ पुन्हा उलट भाषांतरासाठी द्यावयाचा, पण पहिल्या व्यक्तीकडे नव्हे. तिला कोणत्या जागा शंकास्पद होत्या हे एव्हाना समजलेले असते.

ही व्यक्ती कोण असावी यावर बरेच अवलंबून आहे. अधिनियमांच्या मराठी पाठात ‘शॅल’साठी ‘करील’ हे रूप रूढ आहे. कायद्याच्या भाषेत मुरलेल्या माणसापुढे ‘कंत्राटदार अर्ज करील’ असे वाक्य आले, की तो सवयीनेच ‘शॅल’ लिहितो आणि भाषांतर निर्दोष ठरते. संस्थेच्या चिटणीसाला मात्र त्याच वाक्यात केवळ भविष्यकाळ दिसण्याचा संभव असतो. म्हणून शक्य असेल तेथे दोन उलट भाषांतरे करून घ्यावीत : एक कायदा जाणणाऱ्याकडून व एक चांगले इंग्रजी येणाऱ्या, पण कचेरीच्या भाषेशी फारसा संबंध नसलेल्या व्यक्तीकडून. दोघांत जेथे मतभेद होईल ती जागा बहुधा मराठी वाक्यातच संदिग्ध असते. तथापि प्रत्येक फरक हा भाषांतराचाच दोष असतो असे नाही. चूक उलट भाषांतरकाराचीही असू शकते. अशा वेळी मराठी वाक्याकडे परत जाऊनच निर्णय करावा लागतो.

याउलट, परत आलेला मजकूर मुळाशी तंतोतंत जुळला म्हणून निश्चिंत होणेही धोक्याचे आहे. ‘टाइम इज ऑफ द एसेन्स’ या परिचित इंग्रजी वाक्यांशाचे कोणी ‘वेळ हे कराराचे सार आहे’ असे शब्दशः भाषांतर केले, तर उलट भाषांतरात मूळचे इंग्रजी जवळजवळ जसेच्या तसे परत येईल. पण मराठी वाचकाला त्यातून काय कळणार? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे वेळ ही कराराची मर्मभूत बाब असावी असा पक्षांचा उद्देश असेल आणि काम ठरल्या वेळी झाले नाही, तर दुसऱ्या पक्षास करार रद्द करण्याचा विकल्प मिळतो. हा परिणाम ‘सार’ या शब्दात कोठेच नाही. अशा जागी उलट भाषांतराला दुसऱ्या चाचणीची जोड द्यावी लागते. ज्याने सही करावयाची आहे त्याला मराठी कलम वाचावयास देऊन साधे प्रश्न विचारावेत : काम दहा दिवस उशिरा झाले तर काय होईल? अर्ज कोणत्या दिवसापर्यंत द्यावा लागेल? अभियंत्याने नाही म्हटले तर? त्याची उत्तरे मूळ कलमाच्या अर्थाशी जुळावयास हवीत.

आणि इतके करूनही दोन पाठांत अंतर राहिले, तर कोणता पाठ प्रमाण मानावयाचा हे करारातच, दोन्ही भाषांत, लिहिलेले असले पाहिजे. त्या वाक्याचेही उलट भाषांतर करून घ्यावे.