चष्म्याच्या चिठ्ठीतले तीन आकडे : स्फिअर, सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस

माहूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली आठवीत शिकणारी मुलगी आहे असे समजू. शाळेत डोळे तपासले तेव्हा तिला फळ्यावरचे नीट दिसत नाही असे आढळले. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी तपासून चिठ्ठी दिली. तिच्यात उजव्या डोळ्यासमोर लिहिले होते : −१.०० −१.५० × १८०. काही दिवसांनी वडील कामासाठी नांदेडला गेले, सोबत मुलीलाही नेले आणि तिथे पुन्हा डोळे तपासून घेतले. तिथल्या चिठ्ठीत त्याच डोळ्याचा नंबर निघाला : −२.५० +१.५० × ९०. एकीकडे वजा एक, दुसरीकडे वजा अडीच, शिवाय एकात वजा तर दुसऱ्यात अधिक. घरात साहजिकच वाद सुरू होतो की दोघांपैकी कोण चुकले. शेवटी चष्माच केला जात नाही आणि मुलगी पहिल्या बाकावर बसून डोळे बारीक करत राहते.

खरे म्हणजे दोघांपैकी कोणीच चुकलेले नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवरून एकच काच तयार होते. हे कसे, ते समजले की चिठ्ठीतले तीनही आकडे समजतात.

पहिला आकडा स्फिअरचा. छापील चिठ्ठीवर तो 'एसपीएच' या रकान्यात असतो. स्फिअर म्हणजे गोल. चेंडू कुठूनही पाहिला तरी त्याचा बाक सारखाच असतो, तशी ही काच सगळ्या दिशांना सारखेच काम करते. आकड्यापुढे वजा असेल तर लांबचे अंधुक दिसते. अधिक असेल तर डोळ्याला विशेषतः जवळचे पाहायला जास्त जोर लावावा लागतो. हा नंबर डायॉप्टरमध्ये मोजतात आणि त्याचा अर्थ अंतराशी जोडलेला आहे. एक मीटरला नंबराने भागले की उत्तर मिळते. ज्याचा नंबर वजा एक आहे, त्याला चष्म्याशिवाय एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते आणि पुढचे धूसर होते. वजा दोन असेल तर ही हद्द ५० सेंटीमीटर, वजा अडीच असेल तर ४० सेंटीमीटर.

दुसरा आकडा सिलिंडरचा, चिठ्ठीवर 'सीवायएल'. इथे चेंडूऐवजी लाटणे डोळ्यासमोर आणा. लाटणे लांबीच्या दिशेने सरळ असते, बाक असतो तो फक्त आडव्या छेदात. सिलिंडरची काच अशीच एका दिशेला काम करते, तिच्या काटकोनातल्या दिशेला काहीच करत नाही. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, चेंडूसारखा सारखा गोल नसून आडव्या ठेवलेल्या अंड्यासारखा एका दिशेला जास्त बाकदार असेल, तर अशी काच लागते. या दोषाला दृष्टिवैषम्य म्हणतात. तो आजार नाही, डोळ्याच्या घडणीतला फरक आहे. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजून दाखवला होता. १८२५ च्या सुमारास जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच बनवून घेतली.

तिसरा आकडा अ‍ॅक्सिसचा, म्हणजे अक्षाचा. लाटणे कोणत्या दिशेला ठेवायचे, एवढेच तो सांगतो. शाळेतला कोनमापक डोळ्यासमोर धरला आहे असे समजा. १८० म्हणजे लाटणे आडवे, ९० म्हणजे उभे, ४५ किंवा १३५ म्हणजे तिरके. दोन्ही डोळ्यांसाठी हा कोन तपासणाऱ्याच्या बाजूने पाहून, त्याच्या उजव्या हाताकडून मोजायला सुरुवात करतात. अक्षाच्या आकड्याला शक्ती नसते. 'मुलीचा नंबर १८० निघाला' म्हणून घाबरणारे पालक भेटतात, पण तो नंबर नव्हे, दिशा आहे. ज्या दिशेला अक्ष असतो त्या दिशेला सिलिंडर काम करत नाही, त्याच्या काटकोनात करतो, हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

आता माहूरची चिठ्ठी वाचू. स्फिअर −१.०० आहे, म्हणून सगळ्या दिशांना वजा एक. त्यावर −१.५० चे लाटणे आडवे ठेवले आहे. आडव्या दिशेला ते काहीच करत नाही, म्हणून तिथे वजा एकच राहतो. उभ्या दिशेला वजा एक आणि वजा दीड मिळून वजा अडीच होतात. नांदेडच्या चिठ्ठीत सगळ्या दिशांना वजा अडीच आहे आणि त्यावर +१.५० चे लाटणे उभे ठेवले आहे. उभ्या दिशेला ते काही करत नाही, तिथे वजा अडीच राहतो. आडव्या दिशेला वजा अडीचमधून दीड कमी होऊन वजा एक उरतो. दोन्हीकडे उत्तर तेच : आडवे वजा एक, उभे वजा अडीच.

एका पद्धतीतून दुसरीत जायला तीन पायऱ्या आहेत. स्फिअर आणि सिलिंडर यांची चिन्हासकट बेरीज करा, तो नवा स्फिअर. सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह बदला. अक्षात ९० मिळवा आणि उत्तर १८० च्या वर गेले तर त्यातून १८० वजा करा. आपल्या मुलीच्या उजव्या डोळ्यात १८० आणि ९० मिळून २७० होतात, त्यातून १८० गेले की ९० उरतात. डाव्या डोळ्याची चिठ्ठी −०.७५ −०.५० × ७० अशी असेल, तर दुसऱ्या पद्धतीने ती −१.२५ +०.५० × १६० होईल. तुमच्या घरातल्या दोन चिठ्ठ्या वेगळ्या वाटल्या तर आधी हा हिशेब करून पाहा. हिशेबाने त्या जुळल्या नाहीत तरच दोन तपासण्यांत खरा फरक आहे असे समजा.

या मुलीला चष्म्याशिवाय काय दिसत असेल? आपली देवनागरी लिपी हे सांगायला फार सोयीची आहे. अक्षराचा काना उभा आणि शिरोरेषा आडवी. उभी रेघ स्पष्ट दिसणे डोळ्याच्या आडव्या दिशेतल्या नंबरावर अवलंबून असते आणि आडवी रेघ उभ्या दिशेतल्या नंबरावर. म्हणून तिला फळ्यावरचे काने थोडे पुसट दिसतील, पण शिरोरेषा जास्त पसरलेल्या दिसतील. वही एक मीटर लांब धरली तर काने स्पष्ट होतील, शिरोरेषा होणार नाहीत. त्यासाठी वही ४० सेंटीमीटरवर आणावी लागेल. वही कितीही जवळ घेतली तरी दोन्ही रेघा एकाच वेळी धारदार होत नाहीत, कारण दोन दिशांमधला दीडचा फरक तसाच राहतो. डोळे बारीक करणे आणि कपाळ दुखणे यामागे बहुधा हेच असते.

काही ठिकाणी सिलिंडरची काच तयार नसली की त्याऐवजी नुसत्या स्फिअरचा चष्मा देतात. त्याचा हिशेब असा की सिलिंडरचा अर्धा आकडा स्फिअरमध्ये मिळवायचा. इथे वजा एक आणि वजा पाऊण मिळून −१.७५ येतो. सिलिंडर पाव किंवा अर्धा नंबर असेल तर यात फारसे बिघडत नाही. पण दीडच्या सिलिंडरला असा चष्मा दिला, तर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना पाऊण नंबराची चूक शिल्लक राहते. अक्षर आधीपेक्षा बरे दिसते, स्वच्छ दिसत नाही. लहान मुलांमध्ये मोठा सिलिंडर वर्षानुवर्षे तसाच राहिला तर मेंदूला त्या डोळ्याने स्पष्ट पाहण्याची सवयच लागत नाही आणि डोळा 'आळशी' होतो. मग पुढे योग्य चष्मा देऊनही नजर पूर्ण सुधारेलच असे नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांची तपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मा यांची तरतूद आहे. तो चष्मा घेतानाही सिलिंडर आणि अक्ष चिठ्ठीप्रमाणेच बसले आहेत ना, हे विचारा.

सगळ्यात जास्त घोटाळा अक्षात होतो. काचेची शक्ती बरोबर, पण ती थोडी फिरलेली बसली, तर चूक झपाट्याने वाढते. दीडचा सिलिंडर १० अंश फिरला की साधारण अर्धा नंबर वाया जातो, २० अंशांना एक नंबर. ३० अंश फिरला तर दीडच्या दीड सिलिंडर शिल्लक राहतो, फक्त वेगळ्या दिशेला. म्हणजे सिलिंडर घातला काय आणि न घातला काय, सारखेच. ही चूक बहुतेक वेळा लिहिण्या-वाचण्यात होते. १८ च्या डोक्यावर अंशाचे छोटे वर्तुळ काढले की दुकानदार ते १८० वाचतो, ८ चे ८० होतात. म्हणून अक्षापुढे ते चिन्ह काढत नाहीत. चिठ्ठीवर ते दिसले तर तिथेच विचारून आकडा स्पष्ट लिहून घ्या. गोल फ्रेमचा स्क्रू सैल झाला तरी काच जागच्या जागी फिरते आणि अक्ष बदलतो.

चष्म्यात सिलिंडर आहे की नाही, हे घरी पाहता येते. चष्मा हातभर लांब धरा आणि एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. मग चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवा. काचेतली कड बाहेरच्या कडेपासून तुटून तिरकी होत असेल, तर सिलिंडर आहे. कड सरळच राहिली तर नुसता स्फिअर आहे. चिठ्ठीत दीडचा सिलिंडर आणि काचेत कड हलतच नाही, असे झाले तर चष्मा परत न्या. अक्षाचा नेमका आकडा मात्र घरी कळत नाही, त्यासाठी दुकानातले लेन्सोमीटर लागते. तयार चष्मा त्यावर लावून आकडे वाचायला सांगा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा.

सिलिंडरचा चष्मा पहिल्यांदा लावला की जमीन तिरकी वाटते, पायऱ्या खाली-वर वाटतात. काही दिवसांत नजर सरावते. दोन आठवड्यांनंतरही डोके दुखत असेल तर आधी काचेचा अक्ष तपासून घ्या, मग डोळे. आणि दहा ते वीस वर्षांच्या मुलाचा सिलिंडर दर तपासणीला वाढत असेल, अक्षही बदलत असेल, मूल सतत डोळे चोळत असेल, तर नुसते चष्मे बदलत बसू नका. पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा एक आजार असतो, तो लवकर कळला तर त्याची वाढ थांबवता येते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन पारपटलाची तपासणी करून घ्यावी.

प्रत्येक चिठ्ठी तारखेसह जपून ठेवा. पुढच्या तपासणीला जुनी चिठ्ठी आणि जुना चष्मा दोन्ही सोबत न्या. नंबर खरोखर बदलला की फक्त लिहिण्याची पद्धत बदलली, हे तिथेच स्पष्ट होईल.