औषधाच्या वेष्टनावरील वयोगट आणि महिन्यांनी मोजावयाचे बालक

पेडणे तालुक्यातील तुये येथील सामूहिक आरोग्य केंद्रात किंवा परिसरातील एखाद्या अंगणवाडीत लहान मुलाचे वय विचारले असता बहुधा तीन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी ‘दुसरे चालू आहे’ असे सांगते, कोणी ‘दोनांची झाली’ असे सांगते, तर कोणी ‘बावीस महिने’ असे सांगते. घरगुती व्यवहारात ही तिन्ही उत्तरे चालून जातात. औषधाच्या बाबतीत मात्र ती एक मानता येत नाहीत. वेष्टनावर छापलेले वय नेहमी पूर्ण झालेले वय असते, चालू असलेले वय नसते. ‘२ वर्षे’ याचा अर्थ २४ महिने पूर्ण झालेले बालक असा होतो. ‘दुसरे चालू’ असलेले बालक १२ महिन्यांपुढील, परंतु २४ महिन्यांच्या आतील असते, आणि ‘तिसरे लागले’ म्हणजेच २४ महिने पूर्ण झाले.

एक उदाहरण घेऊन हा हिशेब पाहू. समजा, एका मुलीचा जन्म १४ मार्च २०२४ रोजी झाला आणि तिला १० फेब्रुवारी २०२६ रोजी औषध द्यावयाचे आहे. नोंदवहीत घाईने केवळ सालांची वजाबाकी केल्यास उत्तर २ येते आणि ते चुकीचे असते. योग्य रीत अशी : मागील वाढदिवस १४ मार्च २०२५ रोजी झाला, तेव्हा १२ महिने पूर्ण झाले. तेथून दर महिन्याच्या १४ तारखेस एक महिना वाढवीत जावे. १४ जानेवारी २०२६ रोजी २२ महिने पूर्ण होतात. पुढची १४ तारीख अद्याप उजाडलेली नाही, म्हणून १० फेब्रुवारी रोजी तिचे वय २२ महिने एवढेच धरावे.

मोजणीत आणखी दोन चुका संभवतात. चार आठवड्यांचा महिना धरून मोजल्यास २४ ‘महिन्यांचे’ ६७२ दिवसच होतात; दोन वर्षांचे दिवस मात्र ७३० असतात. म्हणजे बालक सुमारे दोन महिन्यांनी मोठे ठरते. तिथीप्रमाणे मोजल्यासही फरक पडतो, कारण चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिक मास न आल्यास दोन वर्षांत सुमारे २२ दिवसांची तफावत येते. याकरिता जन्मदाखल्यावरील किंवा माता व बाल संरक्षण कार्डावरील इंग्रजी तारीखच आधारास घ्यावी.

आता वयोगटाच्या सीमेचा विचार करू. अनेक वेष्टनांवर व सूचनापत्रकांवर ‘१ ते २ वर्षे’ आणि त्याखाली ‘२ वर्षांवरील’ असे लिहिलेले असते. दोन्ही ओळींत २ हा आकडा आल्याने संभ्रम होतो. नियम असा की २४ महिने पूर्ण होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत वरची ओळ लागू असते आणि पूर्ण झाल्या दिवसापासून खालची ओळ लागू होते. जंतनाशक अल्बेंडाझोल गोळीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या कार्यक्रमात १ ते २ वर्षांच्या बालकास अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलीग्रॅम, आणि २ वर्षे पूर्ण झालेल्या बालकास ४०० मिलीग्रॅमची पूर्ण गोळी देण्यात येते. १ वर्षाच्या आत ती देत नाहीत. आपल्या उदाहरणातील मुलीस १० फेब्रुवारी रोजी अर्धी गोळीच योग्य होय. तीही अखंड तुकडा म्हणून न देता दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात मिसळून द्यावी, कारण या वयात गोळी घशात अडकण्याचा धोका असतो.

जंतनाशकाची मात्रा एकदाच देण्यात येते. तापाचे औषध मात्र दिवसातून अनेक वेळा दिले जाते, म्हणून तेथे वयोगट चुकल्यास ती चूक दर खेपेस वाढत जाते. आपल्याकडील पॅरासिटामॉलच्या पुष्कळ बाटल्यांवर वयोगट नसून ‘वैद्याच्या सल्ल्याप्रमाणे’ एवढेच छापलेले असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवर मात्र वयोगटांचे कोष्टक असते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलीग्रॅम औषध असलेल्या ब्रिटनमधील बाटलीवर ६ ते २४ महिन्यांसाठी ५ मिलिलिटर आणि २ ते ४ वर्षांसाठी ७.५ मिलिलिटर अशी मात्रा असते, आणि ती २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा द्यावयाची असते.

वरील मुलीचे वजन ९ किलो आहे असे धरू. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलो वजनास १० ते १५ मिलीग्रॅम असते. योग्य ओळीतील ५ मिलिलिटरमधून तिला १२० मिलीग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे १३ मिलीग्रॅम मिळतात. ‘दोनांची झाली’ म्हणून खालची ओळ घेतल्यास १८० मिलीग्रॅम, म्हणजे किलोमागे २० मिलीग्रॅम जातात. चार वेळा दिल्यास दिवसाचे ७२० मिलीग्रॅम होतात, आणि किलोमागे ६० ही दिवसाची मर्यादा ओलांडून ते ८० पर्यंत जाते. असे दोन-तीन दिवस चालल्यास यकृतास इजा होऊ शकते. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १४ मार्च २०२६ रोजी ही मुलगी २४ महिन्यांची झाली, तरी तिचे वजन एका रात्रीत वाढत नाही. वयोगट हा सरासरी वजनाचा अंदाज होय. कृश बालकाच्या बाबतीत वजनच प्रमाण मानावे आणि मात्रा आरोग्य केंद्रातून ठरवून घ्यावी.

ओळ बरोबर निवडूनही बाटली चुकल्यास उपयोग नाही. थेंबांच्या छोट्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम औषध असते. सिरपचे ५ मिलिलिटर वाचून तेवढेच थेंबांच्या बाटलीतून दिल्यास १२० ऐवजी ५०० मिलीग्रॅम पोटात जातात. म्हणून प्रथम बाटलीवरील प्रमाण वाचावे, मग वयाची ओळ पाहावी, आणि बाटलीसोबतच्या मापानेच औषध मोजावे. घरातील चमचा वापरू नये.

काही औषधांवर वयाची ओळ मात्रेसाठी नसून मनाईसाठी असते. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध ४ वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ४ वर्षे म्हणजे ४८ महिने पूर्ण. २२ महिन्यांच्या बालकास असे औषध ‘मोठ्याचे अर्धे’ करून देणेही वर्ज्य आहे.

मात्रा जास्त गेल्याचे लक्षात आल्यास मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. पॅरासिटामॉलची बाधा पहिल्या दिवशी बाहेरून दिसत नाही. उलट्या, सुस्ती व कावीळ नंतर दिसू लागतात आणि तोवर उपचाराचा उत्तम काळ निघून जातो. बाटली, मात्रा व दिल्याची वेळ यांची माहिती घेऊन बालकास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. तसेच तीन महिन्यांखालील बालकास ताप आल्यास वेष्टन वाचीत न बसता प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

अंगणवाडी सेविकांनी व शिक्षकांनी नोंदवहीत ‘वय वर्षे’ या रकान्याशेजारी पूर्ण महिने आणि वजन असे दोन रकाने आखून घ्यावेत. पाच वर्षांखालील बालकाची मात्रा या दोन आकड्यांवरूनच पडताळता येते.