नव्या प्रेमात आधी झोप सांभाळा

नवे प्रेम जुळले की पहिले काही आठवडे मन दुसऱ्या कशात लागत नाही. हा स्वभावाचा दोष नाही. २००५ साली हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूची एमआरआय तपासणी केली. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताना मेंदूतला डोपामिनशी निगडित, ओढ लावणारा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. म्हणून ‘विचारच करायचा नाही’ असे ठरवून भागत नाही. मनातले विचार अडवता आले नाहीत तरी दिवसाचे तास आखता येतात.

एक उदाहरण घेऊ. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते सात मेडिकल दुकानात काम, रात्री नऊ ते अकरा मैत्रिणीसोबत अभ्यासिका. प्रेम जुळल्यापासून रात्री दीडपर्यंत मेसेज चालू, सकाळी सहाला उठणे. म्हणजे झोप साडेचार तास. तिसऱ्या आठवड्यात दुकानात हिशेब चुकू लागला, वाचलेले आठवेना आणि अभ्यासिकाही सुटली. तिला वाटले, प्रेमामुळे अभ्यास बिघडला. खरे तर आधी झोप गेली होती. वाचलेले पक्के होण्यासाठी झोप लागते, ती तुटली की लक्ष आणि स्मरण दोन्ही ढासळतात.

तिने आधी चार दिवस वहीत फक्त दोन वेळा लिहिल्या: फोन खाली ठेवल्याची आणि उठल्याची. मग मित्राशी मोकळेपणाने बोलून साडेसात ते सव्वाआठ ही बोलण्याची वेळ ठरवली. अभ्यासिकेत फोन बंद करून पिशवीत. अकरा वाजता फोन दुसऱ्या खोलीत, उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ. पहिले तीन-चार दिवस हात सारखा फोनकडे जातो, हे गृहीत धरावे. एखादी रात्र मोडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेवर यावे.

मैत्रिणीला ‘वेळ मिळाला की भेटू’ असे सांगू नये; तो वेळ मिळत नाही. दिवस ठरवून टाकावा. पुढे प्रेमात दुरावा आला किंवा त्रास झाला, तर आधाराला हीच माणसे असतात.

वेळ ठरवल्यावर समोरची व्यक्ती कशी वागते, याकडेही लक्ष द्यावे. थोडी नाराजी स्वाभाविक आहे. पण उत्तर उशिरा आले म्हणून धमकी देणे, मैत्रिणींना भेटू न देणे, फोनचा पासवर्ड मागणे हे प्रेम नसून ताबा आहे. घरातल्या विश्वासू माणसाला लगेच सांगावे.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेले राहिले, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नये. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.