तुमची संध्याकाळ, आमची सकाळ : परदेशातल्या पालकांसोबत वेळेचा मेळ कसा घालायचा?



रेखावृत्तं आणि स्थानिक वेळ हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. एक अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना एक तास. मुलं गणित सोडवतात आणि विसरून जातात. पण आता नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत हेच गणित पोटापाण्याचं झालंय. कुणाचा मुलगा घरी बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करतो, कुणाची सून तिकडच्या लोकांचे हिशेब लिहिते. माझी डी.एड.ची एक मैत्रीण लातूरहून अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, पण प्रत्येकाच्या गावाजवळ शाळा असेलच असं नाही. मग असे पालक इकडचा शिक्षक शोधतात.

(एक गोष्ट आधीच सांगते. आपण जे शाळेत नोकरीवर आहोत, त्यांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार खाजगी शिकवणी घेता येत नाही. मैत्रीण कुठल्याही शाळेत नोकरीला नाही. पण तिची कामाची पद्धत आपल्या घरातल्या, दूरदेशीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडते.)

१. आधी फरक काढा

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात. न्यू जर्सीची वेळ ७५ अंश पश्चिम आणि कॅलिफोर्नियाची १२० अंश पश्चिम रेखावृत्तावरून. एक ठिकाण पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून अंशांची बेरीज करायची.

न्यू जर्सी : ८२.५ + ७५ = १५७.५ अंश. गुणिले ४ = ६३० मिनिटं, म्हणजे साडेदहा तास.
कॅलिफोर्निया : ८२.५ + १२० = २०२.५ अंश. गुणिले ४ = ८१० मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास.

आपण पुढे, ते मागे. हा झाला हिवाळ्यातला फरक. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून फरक एका तासाने कमी होतो : न्यू जर्सीशी साडेनऊ, कॅलिफोर्नियाशी साडेबारा.

२. दोघंही जागे असतात ते तास शोधा

कॅलिफोर्निया जास्त लांब, म्हणून तिथला तास जमवणं जास्त अवघड, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं आहे.

न्यू जर्सीचं मूल शाळेतून येऊन, खाऊन-पिऊन संध्याकाळी पाचला मोकळं होतं आणि साडेआठला झोपतं. उन्हाळ्यात त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे लातूरला रात्रीचे अडीच, आणि आठ म्हणजे पहाटेचे साडेपाच. यात शिकवण्यासारखा तास नाही. त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळशी जुळते, पण तेव्हा मूल शाळेला निघालेलं असतं. म्हणून न्यू जर्सीसाठी शनिवार-रविवार सकाळच उरते. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात.

कॅलिफोर्नियाचा फरक बारा तासांच्या जवळ आहे. त्यामुळे त्यांची संध्याकाळ थेट आपल्या सकाळला येऊन टेकते. त्यांचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपले उन्हाळ्यात सकाळचे सहा, हिवाळ्यात सात. शाळेच्या दिवशीसुद्धा तास होतो. म्हणून नुसता फरक किती हे बघून काही कळत नाही. दोन्ही घरांचा दिवस एकाखाली एक लिहून काढावा लागतो : मूल कधी मोकळं, आपण कधी मोकळे. दोन्ही पट्ट्या जिथे एकावर एक येतात तेवढाच वेळ तोंडी कामाचा. हा वेळ दिवसाला जेमतेम दोन तास असतो, म्हणून त्यात फक्त शिकवायचं. फी, सुट्टी, पुस्तकं हे सगळं लिहून.

यात एक फसवी जागा वाराची आहे. कॅलिफोर्नियाचा गुरुवार संध्याकाळचा तास लातूरला शुक्रवारी सकाळी होतो. "सोमवारी सुट्टी द्या" असं आईने लिहिलं, तर कुणाचा सोमवार? मैत्रीण दर वेळी दोन्ही बाजू लिहिते : "गुरुवार संध्याकाळी ५:३० कॅलिफोर्निया, शुक्रवार सकाळी ७:०० लातूर". "ईएसटी", "पीएसटी" अशी अक्षरं ती वापरत नाही, कारण तिकडची माणसंही उन्हाळ्यात सवयीने हिवाळ्याचंच नाव लिहितात. गावाचं नाव लिहिलं की घोटाळा होत नाही.

आपल्या मराठीतही जपून राहायचे शब्द आहेत. "परवा" म्हणजे होऊन गेलेला की येणारा? समोर बसून बोलताना कळतं, मेसेजमध्ये नाही. "उद्या" तर दोघांचा वेगळाच. तारीखही ३/४ अशी लिहू नये. आपण ३ एप्रिल वाचतो, अमेरिकेत ४ मार्च वाचतात. महिना अक्षरात लिहा.

३. मार्च आणि नोव्हेंबरचा खड्डा

अमेरिकेत बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ साली हे रविवार म्हणजे ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपलं घड्याळ हलत नाही. इंग्लंडमध्येही असाच बदल होतो, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे दोन्ही देशांत काम असेल तर मधले आठवडे वेगळे मोजावे लागतात.

आता हिशेब बघा. ५ मार्चचा गुरुवारचा तास लातूरला शुक्रवारी सकाळी सातला झाला. पुढचा गुरुवार १२ मार्च. मूल रोजच्यासारखं साडेपाचला बसेल, तेव्हा लातूरला सहाच वाजलेले असतील. शिकवणारी सातला लॅपटॉप उघडणार आणि तिला दिसणार सहा वाजून पाच मिनिटांचा मेसेज : "टीचर, येताय ना?" दोघींचीही घड्याळं बरोबर, तरी तास बुडाला.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवायचं की तास कुणाच्या घड्याळाला बांधलेला आहे. मैत्रिणीने तो मुलाच्या घड्याळाला बांधलाय, कारण मुलाची शाळा, पोहणं, जेवण सगळं त्याच घड्याळावर चालतं. सरकायचं तिने. पण तिनेही हद्द लिहून दिली आहे : लातूरच्या सकाळी सहाच्या आधी तास नाही. आणि बदलाच्या रविवारच्या आठवडाभर आधी ती दोन्ही वेळा लिहून पाठवते.

४. तास संपला की चार ओळी

एका उलट-प्रश्नाची किंमत बघा. शुक्रवारी सकाळी दहाला लातूरहून विचारलं, "एक तास बदलू का?" कॅलिफोर्नियात तेव्हा गुरुवार रात्रीचे साडेनऊ. आई सकाळी सातला मेसेज बघते, आपल्याकडे शुक्रवार संध्याकाळचे साडेसात. ती विचारते, "कोणता?" आपण नऊला सांगतो. तोवर ती ऑफिसला गेलेली. रात्री नऊला उत्तर देते, तेव्हा आपला शनिवार उजाडून साडेनऊ झालेले. एका "कोणता?"ने पूर्ण दिवस खाल्ला. म्हणून मेसेज असा लिहायचा की समोरच्याला उलटा प्रश्न विचारावाच लागू नये. तिचा नमुना असा असतो :

"आजचा तास : गुरुवार १२ मार्च कॅलिफोर्निया, शुक्रवार १३ मार्च लातूर.
झालं : रफार – सूर्य, गर्दी, कार्य. अडलं : वाचतो छान, पण लिहिताना रफार आधीच्या अक्षरावर देतो.
घरचं काम : पान १४ वरचे पाच शब्द. वहीचा फोटो सोमवार १६ मार्च, तुमच्या रात्री ८ पर्यंत.
तुमच्याकडून हवं : २४ मार्चला तुमचा प्रवास आहे. तो तास रविवार २२ मार्च, तुमच्या संध्याकाळी ५:३० ला घेऊ का? सोमवारच्या त्याच वेळेपर्यंत निरोप नाही आला, तर तास रद्द धरून फी पुढच्या महिन्यात वळती करीन."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही, आणि काय होणार हे आईला आधीच माहीत असतं. फोटोची वेळही हिशेबाने ठेवली आहे. तिकडे सोमवार रात्रीचे आठ म्हणजे इथे मंगळवार सकाळचे साडेआठ. पुढचा तास बुधवारी सकाळी सहाला. मंगळवारचा आख्खा दिवस वही तपासायला मिळतो, तोही ते कुटुंब बहुतेक झोपेत असताना. वेळेचा फरक असा आपल्या बाजूनेही वापरता येतो.

५. उत्तर कधी मिळेल, हे आधीच सांगा

रात्री अडीचला मोबाइल वाजला की उठायचं का? हे ठरलेलं नसेल तर सहा महिन्यांत माणूस थकतो. उलट, दहा तास उत्तर नाही म्हणून तिकडची आई समजते की यांना काळजीच नाही. दोघांचंही मन दुखतं आणि चूक कुणाचीच नसते. मैत्रिणीने सुरुवातीलाच हे कळवून ठेवलंय :

मेसेजला २४ तासांच्या आत उत्तर, लातूरचा रविवार सोडून. तास रद्द करायचा तर किमान १२ तास आधी कळवायचं. त्याहून उशीर झाला तर फी लागेल. इकडे वीज किंवा नेट गेलं तर पालकांनी दहा मिनिटं थांबायचं, ती मोबाइलवरून निरोप देईल आणि तो तास फी न घेता भरून देईल. फोन फक्त तास चालू होण्याच्या आसपासच्या अडचणीसाठी, बाकी सगळं लिहून.

२४ तासच का? कारण एवढ्या वेळात दोन्ही घरांची सकाळ एकदा येऊन जाते. "दोन तासांत उत्तर देते" असं सांगितलं तर ते झोपेतून उठून पाळावं लागेल आणि एक दिवस मोडेल. गाडी बिघडतेय हेही ओळखता येतं. एकाच गोष्टीवर तीनपेक्षा जास्त मेसेज गेले, किंवा "मी काल लिहिलं होतं" असं वाक्य यायला लागलं, की समजायचं चार ओळींतली एखादी ओळ अपुरी पडतेय. तेव्हा मेसेज वाढवू नयेत, पुढच्या तासाच्या शेवटी पाच मिनिटं समोरासमोर बोलून घ्यावं. मूल रुसलंय, पालक नाराज आहेत, अशा गोष्टीही तोंडीच बोलाव्यात. लिहिण्यात आवाजातला मऊपणा उतरत नाही.

वर्गात करून पाहा

फळ्यावर चोवीस घरांच्या दोन पट्ट्या काढा. वरची नांदेडची, खालची न्यू जर्सीची, साडेदहा घरं सरकवलेली. दोन्हीत झोप, शाळा आणि जेवण रंगवा. दोन्हीकडे मोकळी असलेली घरं मुलांनाच शोधू द्या. मग खालची पट्टी एक घर हलवा आणि विचारा : आता तास कुणाचा बदलला?

ज्या घरातलं कुणी परदेशी काम करतं, त्या मुलांना हाच तक्ता घरी नेऊन, त्या माणसासोबत बसून भरायला सांगा. बाबा दुपारी का झोपतात, याचं उत्तर त्यांना त्या पट्टीत सापडेल.