संध्याकाळची ती झोप सोड

अगं, परवा तू म्हणालीस, "ताई, 40 किलोचे स्क्वॉट गेल्या महिन्यात सहज जमायचे, आता तिसऱ्यालाच पाय थरथरतात." त्याच दुपारी ऑफिसातून तुझा मेसेज आला, की चार वाजता बाकरवडीचं अख्खं पाकीट संपवलं. तुला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मला एकच वाटते.

मागच्या आठवड्यात तुझ्याकडे राहिले तेव्हा पाहिलं ना मी. साडेसहाला घरी आलीस, पर्सही न ठेवता सोफ्यावर आडवी झालीस, ती आठला उठलीस. दिवसभर जागं राहिल्यावर झोपेची जी ओढ साठते, ती तू तिथेच उडवून टाकतेस. मग अकराला डोळे टक्क उघडे. झोप येत नाही म्हणून रील्स, आणि रील्स संपत नाहीत म्हणून एक वाजतो. साडेपाचला जिमचा गजर. झोप झाली साडेचार तास.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली एक प्रयोग छापला होता. 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त भरलं. गोड, खारट, पिठाळ खाण्याची इच्छा सगळ्यात जास्त वाढली. प्रयोग छोटा होता आणि त्यात सगळे पुरुषच होते, हे खरं. तरी तुझी बाकरवडी मला त्यात दिसते. तू हावरट नाहीस गं, तू जागी आहेस.

आता मोबाईल आधी सोडायला जाऊ नकोस, जमणार नाही. आधी सोफा सोड. डुलकी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत, 20 मिनिटांचा गजर लावून. त्याहून लांबली की गाढ झोपेतून उठतेस आणि डोकं जड होतं. संध्याकाळी आल्याबरोबर तोंड धू आणि खाली चक्कर मार. पहिले तीन-चार दिवस जेवताना पेंगशील, पण दहाला झोप आपणहून येईल. मग फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणं सोपं जाईल. गजरासाठी साधं घड्याळ घे.

रविवारी अकरापर्यंत लोळू नकोस, नाहीतर रात्री परत जागशील आणि सोमवार बिघडेल. फार तर तासभर उशिरा ऊठ. रात्र वाईट गेलीच, तर सकाळी 40 ऐवजी 30 किलोच उचल, हट्ट नको.

तीन आठवडे सात-साडेसात तास झोपूनही थकवा राहिला, तर झोपेला दोष देऊ नकोस, डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. आणि उद्या साडेसहाला दार उघडलंस की सोफ्याकडे वळण्याआधी मला फोन कर.